खो कोणी दिला?

मैत्रिणीच्या लेकीच्या खो-खो संघाने चषक जिंकला म्हणून रविवारी रात्री तिला अभिनंदनाचा फोन केला, तर तिने तो घ्यायलाच नकार दिला. "अगं, माझं कसलं अभिनंदन? आमच्या बाईसाहेबांचा एकही गुण नाही. शून्य! ती लंबू नसती तर काही खरं नव्हतं. तिच्या आईला कर फोन." मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. लेकीने चषकासोबतचा फोटो पाठवला होता, त्यातही ही मुलगी मागच्या रांगेत, अर्धा चेहरा झाकलेला.

हरलेल्या संघातल्या आईची समजूत काढता येते. जिंकलेल्या संघातल्या आईची कशी काढायची हे मला सुचेना. मी "बरं, उद्या येते" एवढंच म्हणाले आणि पर्समधली वही काढून बसले.

या वहीबद्दल आधी सांगते. मी शाळेत आणि पुढे कॉलेजात खो-खो खेळले, परळच्या मातीत. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला, पण मैदानाच्या कडेला बसून लिहायची खोड राहिली. गुणपत्रिकेत लिहितात त्या गोष्टी म्हणजे कोण बाद झालं, कोणी बाद केलं आणि बाद होईपर्यंत किती वेळ पळालं. माझ्या वहीत एक रकाना जास्तीचा असतो. खो कोणी दिला. तो मी स्वतःसाठी आखते, कारण मी स्वतः आयुष्यभर खो देणारी होते आणि माझंही नाव कुठल्या पेपरात कधी आलं नाही. (आलं एकदा. चुकीचं आडनाव लावून.)

स्पर्धा वॉर्डातलीच, किशोरी गटाची, म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलींची. मातीचं मैदान. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून पालकांना खो-खो म्हटलं की मॅट, झगमगते दिवे आणि रंगीत जर्सी दिसते. आमच्याकडे अजून सकाळी पाइप लावून माती भिजवावी लागते. कोरड्या मातीवर वळताना पाय सरकतो आणि धूळ डोळ्यांत जाते, जास्त भिजली तर चिखल बुटाला चिकटून पाय जड होतो. अंतिम सामन्याच्या दिवशी हे काम माझ्या मैत्रिणीकडे होतं. सकाळी साडेसहाला साडी खोचून ती आणि चिमणीचे बाबा पाइप धरून उभे होते. चिमणी म्हणजे संघातली सगळ्यांत लहान मुलगी, सहावीतली. मागून एकाने फक्कीची पिशवी घेऊन रेषा मारल्या. त्या रेषा किती सरळ आल्या यावरून पाइपवाले आणि फक्कीवाले यांच्यात जे बोलणं झालं ते लिहीत नाही.

आता सामना. किशोरींना सात मिनिटांची पाळी. एक संघ सात मिनिटं आक्रमण करतो, मग तोच सात मिनिटं पळतो, की एक डाव झाला. असे दोन डाव. पळणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. तिघी बाद झाल्या की पुढची तुकडी. एक गडी बाद, एक गुण. इतकं सोपं आहे, म्हणून लोकांना वाटतं की जी हात लावते तिने गुण घेतला.

नाणेफेक समोरच्यांनी जिंकली आणि पळायचं ठरवलं. त्यांची कप्तान पहिल्याच तुकडीत होती. बारीक, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले. सोबतच्या दोघी लवकर गेल्या, ही एकटी ३ मिनिटं १० सेकंद राहिली. सात मिनिटांतली तीन एकीनेच खाल्ल्यावर आम्हाला उरलेल्या वेळात फक्त दोन गडी मिळाले. एकूण पाच. उलट्या पाळीत त्यांनी आमचे सात मारले. पहिला डाव संपला तेव्हा ५–७.

वहीत मी त्या तीन मिनिटांत तिने काय केलं ते आखून ठेवलं होतं. मधल्या भागात ती एकेरी साखळी पळायची. म्हणजे बसलेल्या प्रत्येक दोन मुलींच्या मधून आत-बाहेर, आत-बाहेर, सापासारखी. साखळीत दम लागला की खांबाकडे यायची आणि खांबाला वळसा घालून पलीकडे सटकायची. पाच वेळा ती एकाच खांबाशी आली, आणि पाचही वेळा आमचा खो आधी गेला.

इथे खेळाची एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आठ मुली मधल्या पाटीत ओळीने बसतात, पण एकीचं तोंड इकडे, तर दुसरीचं तिकडे. नववी उठलेली असते, तिने पाठलाग करायचा. तिला दोन खांबांच्या मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा एका दिशेने निघाल्यावर मागे फिरताही येत नाही. पळणारीला मात्र दोन्ही करता येतं. म्हणजे पाठलाग करणारी एका बाजूला अडकलेली आणि पळणारी मोकळी. या अन्यायावर एकच उतारा आहे, खो. पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीच्या मागे जायचं, तिला हात लावायचा, तोंडाने खो म्हणायचं, आणि तिच्या रिकाम्या जागी आपण बसायचं. ती उठते ती पलीकडच्या बाजूला.

खांबापाशी काय होतं ते बघा. पळणारी अलीकडून खांबाकडे धावते आहे, मागे आमची एक. खांबाच्या अगदी जवळच्या चौकोनात लंबू बसलेली, पलीकडे तोंड करून. मागून येणारीने लंबूला खो दिला की लंबू पलीकडे उठते, खांबाला हात घालते आणि अंग झोकून सूर मारते. पळणारी वळसा घालून बाहेर येते ती थेट लंबूच्या हातात. आमच्यात याला स्तंभात मारणं म्हणतात. बघायला फार सुंदर, टाळ्या त्यालाच पडतात.

पण खो जर एक पाऊल आधी दिला, तर पळणारीला लंबू उठताना दिसते. ती वळसा घालतच नाही, तिथल्या तिथे फिरून आल्या वाटेने परत जाते. आणि त्या बाजूला तर आता कोणीच नाही. लंबू पलीकडे उठलेली, तिला पाटी ओलांडून अलीकडे येता येत नाही. खो एक पाऊल उशिरा दिला तर पळणारी खांब ओलांडून चार हात पुढे गेलेली असते आणि लंबू तिच्या पाठीकडे बघत राहते. मधलं जे काही असतं ते मोजायला घड्याळ चालत नाही.

सरांनी या मुलींना एक खूण शिकवली होती. पळणारी खांबाकडे येताना तिचा बाहेरचा पाय बघा. तो पाय टेकून अंग खांबाकडे कलंडलं की तिला परत फिरता येत नाही, तोल गेलेला असतो. तो पाय टेकला की खो. त्याआधी जीव गेला तरी नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही पूर्ण वेगात धावता आहात, सगळे पालक "दे, दे, दे" ओरडत आहेत, समोरची मुलगी हाताच्या अंतरावर आहे असं वाटतं आहे, आणि तुम्हाला तिच्या पाठीकडे नाही तर पायाकडे बघायचं आहे.

सात नंबर म्हणजे माझ्या मैत्रिणीची लेक. पहिल्या डावात त्या पाच फसलेल्या खोंपैकी तीन तिचे होते. शिवाय तिने एक फाऊलही केला होता. खो मिळायच्या आधीच ती उठली. शब्द कानावर आला, पण स्पर्श यायचा होता. तिने पुढे होऊन गडी मारलाही होता, पण शिट्टी झाली आणि तो गडी जिवंत राहिला. तो गुण आमचाच होता म्हणा ना. मैत्रीण तेव्हा माझ्या शेजारी होती. तिने माझ्या दंडाला धरलं आणि विचारलं, "काय झालं? मारलं की तिने!" मी सांगितलं. ती गप्प झाली आणि उरलेली पाळी तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडण्यात आणि लावण्यात घालवली.

ही लवकर उठायची खोड मोडायला सरांचा जुना उपाय आहे. सगळ्यांना बसवायचं, टाचा उचललेल्या, तळहात मातीवर. मागून फिरत राहायचं आणि नुसतंच "खो" म्हणायचं, हात न लावता. जी उठेल तिने पाच जोर काढायचे. कधी नुसता हात लावायचा, शब्द नाही. तेव्हाही जी उठेल तिला पाच. ही मुलगी पावसाळ्यात दिवसाला तीस-तीस जोर काढत होती. मैत्रीण फोर्टातल्या ऑफिसातून सुटून प्रभादेवीला उतरते, तिथून मैदानावर येते, लेकीला घेऊन घरी जाते. रोज तिला दिसायचं ते एवढंच, की बाकीच्या पळताहेत आणि आपली एकटी जोर काढते आहे. एकदा तिने मला विचारलं होतं, "तिला काढून टाकू का गं? क्लास तरी लावता येईल." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा चहा मागवला असेल.

मध्यंतरात सरांनी मुलींना गोल बसवलं. मी वही घेऊन उठणार होते, पण लांबून त्यांचा हात दिसला, हवेत खांब काढत होते, आणि मग स्वतःच्या बुटावर दोनदा बोट आपटलं. त्यांना वही लागत नाही. मी बसले.

दुसरा डाव. त्यांची कप्तान पुन्हा पहिल्याच तुकडीत. पहिल्या अर्ध्या मिनिटात तिने साखळी धरली आणि आमच्या मुलींनी घाई न करता तिला खांबाकडे ढकलत नेलं. सात नंबर मागे. लंबू खांबापाशी. माझ्या मागचा काका ओरडला, "अगं दे ना!" सात नंबर लंबूच्या मागे पोचली, हात पुढे गेला आणि थांबला. खो आला नाही. कप्तान एक क्षण घुटमळली. तिला वाटलं, खो गेला. ती फिरायला निघाली, मग तिला दिसलं की लंबू तर बसलेलीच आहे, म्हणून पुन्हा खांबाकडे झुकली. बाहेरचा पाय टेकला. मग खो.

लंबू उठली ती आडवीच. १ मिनिट १५ सेकंदांना कप्तान बाद.

ती हूल सरांनी शिकवलेली नव्हती, नंतर विचारलं मी. ते म्हणाले, "हात थांबला असेल भीतीने." असेलही. पण पुढे आणखी एकदा तसाच हात थांबला आणि आणखी एक गडी गेला, म्हणून मी वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं नाही.

आणखी एक काम तिने केलं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कोणाला दिसलं असेल असं वाटत नाही. मघाशी सांगितलं, खो देणारी रिकाम्या जागी बसते. म्हणजे लंबू उठली की खांबाजवळच्या चौकोनात सात नंबर बसली. आता लंबू बाहेर आणि खांबाशी बुटकी मुलगी, सगळा बेत उलटा. लंबूला परत खांबाशी आणायचं तर तिने स्वतः तिथे बसलेल्या सात नंबरला खो द्यायला हवा. म्हणून दर वेळी गडी मारून झाला की लंबू खांबाबाहेरच्या मोकळ्या जागेतून वळून मागे यायची, सात नंबरला खो द्यायची, आणि सात नंबर पुन्हा उठून पळायला लागायची. लंबू श्वास घेत बसलेली आणि ही पळते आहे. त्या एका पाळीत ती अकरा वेळा उठली. बाकी कोणी सातच्या वर गेली नाही.

पाळी संपली तेव्हा आमचे आठ झाले होते. एकूण १३. आठपैकी चार लंबूचे. त्या चारपैकी तीन खो सात नंबरचे.

शेवटच्या पाळीत त्यांना बरोबरीला सहा हवे होते, जिंकायला सात. पहिली तुकडी पावणेतीन मिनिटांत संपली आणि माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या तुकडीत सात नंबर, चिमणी आणि आणखी एक. ती आणखी एक लवकर गेली. चौथा. सात नंबर बरी पळाली, पण एका साखळीत तिने डावीकडे बघितलं आणि उजवीकडून हात आला. पाचवा. अजून ५५ सेकंद बाकी. ती बाहेर येऊन गुडघ्यांत डोकं घालून बसली ती शेवटपर्यंत तशीच. आत चिमणी एकटी. सहावीतल्या मुलीचे ५५ सेकंद मी काही लिहू शकले नाही, वहीत ती जागा कोरी आहे. मैत्रिणीने माझा दंड धरला होता, दुसऱ्या दिवशी तिथे निळं दिसत होतं. शिट्टी झाली. १३–१२.

बक्षिसं तीन: उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक, अष्टपैलू. आक्रमक लंबू, संरक्षक त्यांची कप्तान, आणि ती तिला मिळायलाच हवी होती. खो देणारीसाठी बक्षीस कुठे नसतंच. ते असावं असंही मी म्हणत नाही, कारण मोजायचं कसं? माझ्यासारखी वहीवाली प्रत्येक मैदानावर बसवणार का?

तर सोमवारी संध्याकाळी पेढे घेऊन लालबागला गेले. मैत्रीण नुकतीच ऑफिसातून आली होती, पर्स अजून खांद्यावर. मी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वही उघडली. "हे बघ. मी तुझं अभिनंदन करायला आलेय आणि ते हिशेबासकट करणार आहे." तिला खांब, चौकोन, पाय, सगळं दाखवलं. तीन ठिकाणी ७ लिहिलेलं दाखवलं. ती बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या जोरांचं काय?" मी म्हणाले, "तेच हे. जी स्वतः घाईने उठत होती, तिला दुसरीला कधी उठवायचं ते कळलं."

लेक आतून आली. वही ओढून घेतली, तिन्ही खो तपासले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. "मावशी, हा माझा नाही. मी पडले होते तेव्हा. हा पाच नंबरचा." मी नीट आठवून बघितलं. खरं होतं. मी खोडलं. तीनचे दोन झाले. तिच्या आईला ते आवडलं नाही, पण काही बोलली नाही, एक पेढा तोंडात टाकला.

"पण म्हणजे तू हात कसा थांबवलास?" आईने विचारलं. "कळतं कसं तुला?"

"तू बस, दाखवते."

"इथे?"

"गॅलरीत ये."

चाळीची गॅलरी लांब आहे, दुपारचे वाळत घातलेले कपडे दोरीवर तसेच. मैत्रिणीने पर्स माझ्याकडे दिली, साडी गुडघ्यांत दाबली आणि कठड्याकडे तोंड करून उकिडवी बसली. "टाचा वर," लेक म्हणाली. टाचा वर झाल्या. "हात खाली." हात फरशीवर टेकले. शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. लेक गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, तिथून अनवाणी पळत आली, आईच्या मागे थांबली, हात पुढे नेला.

"खो."

मैत्रीण ताडकन उठली.

"आई, फाऊल," लेक म्हणाली. "हात कुठे लावला मी? काढ पाच जोर."